बी विंगमधले शहाऐंशी एमबीपीएस

तोंडी तक्रार ही तक्रारच नसते, असा सारिका मॅडमचा कायदा होता. मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डन म्हणून अकरा वर्षं त्यांनी तो कडक पाळला. नळ गळतो म्हणून सांगितलं की म्हणायच्या, "लेखी द्या." लेखी दिलं की म्हणायच्या, "पुरावा जोडा." पुरावा जोडेपर्यंत नळ आपोआप आटायचा आणि मॅडमचं काम हलकं व्हायचं.

धम्मशीलेनं म्हणूनच पुरावाच आधी जमवला आणि पत्र मागाहून लिहिलं. साखरखेर्ड्याची ही पोरगी बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला राग आला की ती तक्ते आखायची. वाय-फायचा वेग मोजायला एकच फोन, एकच ॲप, चार दिवस, रोज तीन वेळा, दोन्ही विंगमधल्या खोल्या. ए विंगची खोली १०८, संध्याकाळी ७.१० ला : ३१ एमबीपीएस. बी विंगची २११, जिन्याला लागून, ७.२० ला : ४.२. तिची स्वतःची २१४, ७.२५ ला : १.१. आणि अगदी टोकाची २२१, ७.३५ ला : ०.३. सकाळी तेच, दुपारी तेच. जिन्यापासून जितकं लांब जावं तितका वेग उतरत होता. ए विंगच्या वाय-फायच्या डब्याचं उरलंसुरलं नेट भिंती ओलांडून येत होतं, तेवढ्यावर बी विंग जगत होती.

२२१ मध्ये मुबीना राहायची, पिंपळगाव राजाची. पहिल्या ऑनलाइन चाचणीत तिचं नेट सातव्या मिनिटाला गेलं, ते आलंच नाही. वेळ संपली तसं पोर्टलनं तिचा अर्धवट पेपर आपला आपण जमा करून टाकला. वीसपैकी तीन मार्क. दोन चाचण्या मिळून सोळा झाले नाहीत तर हॉल तिकीट नाही, म्हणजे दुसऱ्या चाचणीत तिला तेरा हवे होते. चाचणी सोमवारी चार वाजता होती आणि ती खोलीतूनच द्यायची होती, कारण संगणक शिकवणाऱ्या या कॉलेजात चालू संगणक बाराच होते. मुलींच्या मोबाइलचं नेट फक्त गच्चीवर यायचं आणि गच्चीला कुलूप. ए विंगमध्ये बसावं तर एका विंगच्या मुलीनं दुसऱ्या विंगमध्ये जायचं नाही, हा मॅडमचा दुसरा कायदा.

पत्र वाचताना मॅडमनी चष्मा दोनदा पुसला.

"हे तुम्ही मुली अभ्यास करायचा सोडून खोल्या मोजत फिरत होतात?"

"मॅडम, तुमीच म्हटलं होतं, पुरावा जोडा."

"शून्य पूर्णांक तीन! असं कुठं असतं का? आम्ही एका ट्यूबलाइटखाली सहा जणी शिकलो."

ट्यूबलाइटवरून पोर्टल उघडत नाही, हे धम्मशीलेच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. सोमवार तीन दिवसांवर होता आणि मॅडमचा अहंकार त्याहून जवळ होता.

पण मॅडमनी त्या दिवशी कधी नव्हे ते एक काम केलं. त्या स्वतः वर गेल्या. मुलानं दिवाळीत घेऊन दिलेला नवा फोन त्यांच्या हातात होता, आणि फोन असताना पोरीबाळींच्या तक्त्यावर कशाला विसंबायचं? हातच्या कांकणाला आरसा कशाला! त्यांनी थेट २२१ समोर उभं राहून ॲप उघडलं, बोट दाबलं. काटा सरसर वर गेला. शहाऐंशी.

मुबीना दारात उभी होती. तिला वाटलं, देवच पावला. मॅडमची पाठ फिरताच तिनं आपला फोन पाहिला. ०.३.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर मॅडमचं उत्तर लागलं. जावक क्रमांक ४७, वर संस्थेचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का. "वॉर्डन यांनी स्वतः जागेवर तपासणी केली असता बी विंगमध्ये ८६ एमबीपीएस इतका समाधानकारक वेग आढळला. विद्यार्थिनींनी खोडसाळ तक्रारी करू नयेत. प्रत : मा. प्राचार्य." सोबत फोनच्या पडद्याचं छायाचित्र, तेही रंगीत छापून. वसतिगृहात रंगीत शाई फक्त असल्या पराक्रमालाच निघायची.

२१४ मध्ये धम्मशीलेबरोबर राहणारी समता ते चित्र बघता बघता खाली वाकली आणि पोट धरून हसायला लागली. शहाऐंशीच्या खाली, जिथं वसतिगृहाच्या वाय-फायचं नाव दिसायला हवं, तिथं मॅडमच्या, मुलींपैकी कुणाकडेच नसलेल्या मोबाइल कंपनीचं नाव होतं आणि शेजारी ठळक 5G. वाय-फाय इतकं मरतुकडं होतं की मॅडमच्या नव्या फोनलाच त्याची कीव आली. त्यानं ते सोडून दिलं आणि गुपचूप स्वतःचं नेट धरलं. मॅडमनी मोजलं ते स्वतःचं रिचार्ज.

"थांब, मी याच्यावर लाल पेनानं गोल करतो," समता म्हणाली.

"हात नको लावू," धम्मशीला म्हणाली. "राहू दे तसंच. सही हाय, शिक्का हाय, प्राचार्यांले प्रत गेली हाय. आता हे खोटं हाय म्हणायचंच काऊन? खरंच मानू ना आपण."

एवढं बोलून तिनं पुन्हा कागद काढला. मजकूर चारच ओळींचा होता. "आपल्या जावक क्रमांक ४७ नुसार बी विंगमध्ये ८६ एमबीपीएस वेग आहे. आम्हांस तो सापडत नाही. तरी सोमवारी दुपारी चार वाजता चाचणीच्या वेळी आपण तोच फोन घेऊन त्याच जागी उपस्थित राहून तो दाखवावा, ही नम्र विनंती. प्रत : मा. प्राचार्य." खाली बी विंगमधल्या नऊही परीक्षार्थी मुलींच्या सह्या आणि खोली क्रमांक.

प्राचार्यांना एकाच विषयावर दोन उलटसुलट प्रती मिळाल्या. त्यांनी मोठ्या माणसांच्या रीतीनं स्वतः काही न वाचता संगणक प्रयोगशाळेतल्या हरिओमला पाठवलं : जाऊन बघ आणि अहवाल दे.

सोमवारी पावणेचारला बी विंगच्या व्हरांड्यात नऊ मुली लॅपटॉप आणि फोन मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुबीनाच्या हातांना घाम सुटला होता आणि ती ते ओढणीला पुसत होती. मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. मॅडम आल्या त्या विजयी चेहऱ्यानं. मागून हरिओम आला, हातात जावक क्रमांक ४७.

त्यानं चित्राकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. छतावर चार रिकामी भोकं आणि एक लोंबती वायर होती.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हे तर तुमच्या मोबाइलचं नेट हाय. इथचा वाय-फायचा डबा तपासणी समिती आली होती तवा काढून सेमिनार हॉलमध्ये लावला. तुमच्याच सहीनं नेला होता न आमी. दोन दिवसांसाठी."

ते दोन दिवस सात महिन्यांपूर्वीचे होते. समिती कधीच श्रेणी देऊन गेली होती. सेमिनार हॉलला तेव्हापासून कुलूप होतं, आणि आत खुर्च्यांना उत्तम नेट मिळत होतं.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी भोकांकडे पाहिलं आणि त्यांची शुद्ध भाषा पहिल्यांदाच सुटली. "अबे, मग हे अहवालात लिहितू का तू?"

हरिओमनं घड्याळ पाहिलं. चार वाजायला पाच मिनिटं होती.

धम्मशीलेला त्या क्षणी खूप काही बोलता आलं असतं. तीन दिवस तिनं ते मनात घोळवलं होतं. पण मुबीनाच्या पडद्यावरचं पोर्टलचं चाक नुसतं फिरत होतं. तिनं राग बाजूला सारला.

"मॅडम, अहवाल पाच वाजता लिहिता येते. आता तुमचा हॉटस्पॉट चालू करा."

"हॉट... काय?"

समतानं फोन घेतला, चालू केला, परत दिला. दहा जणांची मुभा होती आणि मुली नऊ होत्या. एकेकीच्या पडद्यावर पोर्टल उघडलं. मुबीनाचं सगळ्यांत शेवटी उघडलं. तिनं "बिस्मिल्ला" म्हणून पहिला प्रश्न वाचायला घेतला.

चाळीस मिनिटं सारिका मॅडम त्या खुर्चीत फोन दोन्ही हातांत धरून बसल्या. बावीस मिनिटं झाली तेव्हा फोन वाजला. पडद्यावर "प्राचार्य" असं आलं. नऊ माना एकदम वर झाल्या. मॅडम सवयीनं उठून उभ्या राहिल्या, अंगठा हिरव्या खुणेकडे गेला. "उचलू नका, फोन जुळला तर नेट तुटू शकते," धम्मशीला म्हणाली. मॅडमनी मुबीनाकडे पाहिलं, तिच्या घामेजलेल्या बोटांकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी प्राचार्यांचा फोन कापला आणि खाली बसल्या. धम्मशीलेला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचा थोडा रागही आला.

मुबीनाला पंधरा मार्क पडले. तीन आणि पंधरा, अठरा. ती रडली, मग हसली, मग पुन्हा रडली.

इथं कुणी म्हणेल, मॅडम बदलल्या. छे. फोन कापल्यानं वरचा अधिकारी नाराज झाला की माणसाला आधी स्वतःची बाजू सावरायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बी विंगच्या छतावर परत बसला, त्याला हरिओमला दहा मिनिटं लागली. आणि सूचनाफलकावर सत्तेचाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस लागलं.

"परीक्षा तोंडावर असताना बी विंगमधील वाय-फाय क्षीण असल्याची बाब वॉर्डन यांच्या निदर्शनास आली. त्यांनी चार दिवस स्वतः वेगाच्या नोंदी घेऊन पाठपुरावा केल्याने ही अडचण दूर झाली आहे." खाली तक्ता. १०८, संध्याकाळी ७.१०, ३१. २११, ७.२०, ४.२. २१४, ७.२५, १.१. २२१, ७.३५, ०.३. तारखा, वेळा, खोल्या, सगळं जसंच्या तसं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

"आता तरी लाल पेन दे!" समता ओरडली.

धम्मशीला तक्ता वरून खाली वाचत गेली. तिसऱ्या दिवसाच्या, १४ तारखेच्या सकाळच्या नोंदीशी ती थांबली. तिथं तिनं घाईत २१४ च्या जागी २१७ लिहिलं होतं. बी विंगमधली २१७ म्हणजे मुलींची न्हाणी.

"दे," ती म्हणाली. पण तिनं गोल केला नाही. कोऱ्या कागदावर तिसरं पत्र लिहायला घेतलं : "आपण दि. १४ रोजी सकाळी ६.४० वाजता न्हाणीघरात उभ्या राहून वेग मोजल्याचे वाचले. तेथील गरम पाण्याचा नळ तीन महिने बंद आहे, हे त्या वेळी आपल्या निदर्शनास आलेच असेल. पुरावा म्हणून आपलाच तक्ता जोडला आहे."