रुखवताचा आठवा रकाना

लग्नाच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात टेबलावर जे रुखवत मांडलेलं असतं, त्यामागे ‘वधूने स्वहस्ते तयार केलेले’ अशी पाटी असते. त्या पाटीवर कुणाचाही विश्वास नसतो आणि कुणी तसं बोलूनही दाखवत नाही. नवऱ्याकडच्या बायका चष्मे सावरत सुपारीचे भटजी, सप्तपदीच्या सात पायऱ्या, मण्यांची तुळस असं सगळं उलटसुलट करून बघतात आणि ‘हात चांगला आहे हो’ म्हणतात. हात कुणाचा आहे, हे रत्नागिरीत फक्त उर्वीला ठाऊक असे, कारण तो बहुतेक वेळा तिचाच असे.

उर्वी रुखवत भाड्याने देत असे. त्याची सुरुवात तिच्या स्वतःच्या लग्नातून झाली होती. वर्षभर रात्रंदिवस एकेक सुपारी रंगवून तिनं स्वतःचं रुखवत केलं होतं, अगदी खरंखुरं स्वहस्ते. आणि सासूबाईंनी, म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या कुसुमबाईंनी, भर मांडवात त्याकडे एक नजर टाकून म्हटलं होतं, “हल्ली सगळं तयार मिळतं, नाही?” सहा वर्षं झाली. उर्वी ते वाक्य विसरली नव्हती आणि कुसुमबाईंनी ते परतही घेतलं नव्हतं. दोघी एकाच स्वयंपाकघरात, एकमेकींना चहा देत, अत्यंत सलोख्याने राहत होत्या.

माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेल्या त्या रुखवताचा फोटो उर्वीनं एकदा सहज इन्स्टाग्रामवर टाकला आणि मुलींचे मेसेज सुरू झाले. ‘ताई, भाड्याने मिळेल का?’ खरं केलेलं रुखवत विकतचं ठरलं होतं, आता भाड्याचं रुखवत खरं ठरू लागलं. उर्वीनं आणखी एक संच केला, आणि धंदा चालू झाला.

धंदा चालवायची तिची पद्धत मोठी साधी होती. मेसेज आला की पोळी लाटता लाटता एका बोटानं ‘हो ताई, नक्की’ असं लिहायचं, आणि पोळी भाजेपर्यंत विसरायचं. नवऱ्या मुली इन्स्टाग्रामवर विचारत, त्यांच्या आत्या व्हॉट्सॲपवर, आणि ज्यांना काहीच येत नसे ते उर्वीच्या नवऱ्याला, उन्मेषला, बाजारात गाठून सांगत. सगळ्यांना होकार मिळे. व्हायचं तेच झालं. मे महिन्यात एका रविवारी दुसरा संच आदल्या लग्नाहून अजून परतलाच नव्हता आणि पहिल्यावर दोन लग्नं उपटली. उर्वीनं पहिल्या संचाची वाटणी केली. सप्तपदीची चार पावलं खेडला गेली आणि तीन राजापूरला. राजापूरच्या नवऱ्याच्या काकांनी उरलेली चार कुठे, असं विचारलं, तेव्हा नवरीनं मान खाली घातली आणि ती लाजली असं सर्वांनी समजून घेतलं. दाभोळच्या एका मुलीचा मेसेज तर इन्स्टाग्रामच्या ‘रिक्वेस्ट’मध्ये, म्हणजे अनोळखी मेसेज जातात त्या कप्प्यात, पडून राहिला होता. दुसऱ्या फोनवरून तिच्या बहिणीनं पक्कं केलं, ते उर्वीनं कुठेच लिहिलं नाही, आणि लग्नाच्या दिवशी तिथलं टेबल रिकामंच राहिलं. त्या मुलीनं शिवी दिली नाही, नुसता रिकाम्या टेबलाचा फोटो पाठवला. उर्वी त्या दिवशी जेवली नाही.

मग शीट करायची ठरली. उन्मेष कचेरीत अशीच कामं करत असल्यामुळे त्यानं उत्साहानं बावीस रकान्यांची शीट बनवली. तिच्यात पाच रंग होते आणि एका रकान्यात आपोआप टक्केवारी निघत असे. कसली टक्केवारी ते त्यालाही सांगता येईना. ती शीट आठवडाभर सुंदर दिसली आणि रिकामी राहिली. शेवटी उर्वीनं ती पुसून सात रकाने ठेवले: निघायची तारीख, परत यायची तारीख, कुठला संच, पाटीवरची नावं, ठिकाण आणि फोन, निरोप कुठून आला, स्थिती. स्थिती तीनच प्रकारची. चौकशी, पक्की, परत आली. लग्न एक दिवसाचं असलं तरी संच निघाल्यापासून परत येईपर्यंत अडकलेला असतो, हे तिला राजापूर-खेडनं शिकवलं होतं, म्हणून तारखा दोन. आणि एक नियम भिंतीवर लिहून लावला: शीटमध्ये ओळ आधी, होकार नंतर. रोज सकाळी चहाबरोबर इन्स्टाग्राम, त्यातल्या रिक्वेस्ट, व्हॉट्सॲप आणि उन्मेष, अशा चारही ठिकाणी चौकशी व्हायची. निघायच्या तारखेप्रमाणे ओळी लावल्या की कुठला संच कधी मोकळा आहे ते दिसे. तारखांवर तारखा चढत असतील तर ‘माफ करा ताई’ असं नम्रपणे कळवलं जाई. जून ते नोव्हेंबर एकही टेबल रिकामं राहिलं नाही. उर्वी जरा शेफारलीच.

तेरा डिसेंबरला, शनिवारी सकाळी, ती सानवीच्या लग्नाचे खोके बांधत होती. सानवीचं लग्न दुसऱ्या दिवशी रत्नागिरीतच होतं. पाटीवर अक्षर सुंदर हवं म्हणून नावं लिहायचं काम कुसुमबाईंकडे असे. त्या शीटवर बोट ठेवून वाचत होत्या.

“अगो उर्वी, ही मागची ओळ बघ. ऋतिका आणि नितेश, सहा तारखेला निघालं, आठला परत. तोच संच ना?”

“हो आई. आठला आला, आज तेरा. मध्ये चार दिवस मोकळा होता.”

“तारखा मोकळ्या आहेत गो. माणसं नाहीत. नितेश आणि सानवीचा हा स्वरूप सख्खे मावसभाऊ. स्वरूपची आई मागल्या रविवारी खेडला नितेशच्या लग्नात मावशी म्हणून पुढे मिरवत होती. तीच उद्या सानवीची सासू.”

उर्वीच्या हातातला दोरा गळून पडला. आठवड्यापूर्वी ‘ऋतिकाने स्वहस्ते’ केलेली तुळस उद्या त्याच बाईसमोर ‘सानवीने स्वहस्ते’ म्हणून उभी राहणार होती. दुसरा संच राजापूरला होता, सोमवारपर्यंत. शीट सांगत होती की सगळं चोख आहे.

तिनं सानवीला फोन लावला. सानवी रडायलाच लागली. “ताई, मी सासूबाईंना महिनाभर फोटो पाठवलेत. रंगवतानाचे. तुम्हीच दिले होते ना ते.” दिले होते खरे. महिनाभर स्वरूपची आई होणाऱ्या सुनेचे म्हणून उर्वीचे हात पाहत होती आणि सगळ्या नातेवाइकांना कौतुकानं पुढे पाठवत होती. आता टेबल रिकामं ठेवावं तरी मुलगी खोटी पडणार, मांडावं तरी पडणार. सासरी पहिलं पाऊल टाकायच्या आधीच खोटारडी. लग्नाच्या दिवशी सासूनं म्हटलेलं एक वाक्य किती वर्षं टिकतं, हे उर्वीला कुणी सांगायला नको होतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

“खोके पाठव,” कुसुमबाई म्हणाल्या. “मी येत्ये बरोबर. पस्तीस वर्षं पोरांची भांडणं सोडवल्येत मी.”

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये व्हायचं ते जेवणाआधीच झालं. स्वरूपची आई टेबलापाशी आली, तिच्यामागे सात-आठ बायका. तिनं मण्यांची तुळस उचलली, फिरवली, खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

“ही तुळस मी गेल्या रविवारी पाह्यलीय,” ती सावकाश म्हणाली. “खेडला. हिच्या मागल्या बाजूला एक मणी नाही. तिथंही नव्हता.”

मुंडावळ्या बांधलेली सानवी जागच्या जागी पांढरी पडली. उर्वीनं खरं सांगून टाकायला तोंड उघडलं, पण कुसुमबाई तिच्या पुढे झाल्या.

“नसणारच,” त्या वर्गात बोलाव्या तशा आवाजात म्हणाल्या. “तो सोडायचाच असतो. पुरं केलं की दृष्ट लागते. दोघी पोरी एकाच घरी शिकल्या, मग काम सारखंच दिसणार. पाढे सगळ्यांचे सारखेच नसतात का?”

“कुणाकडे शिकल्या?”

“माझ्या सुनेकडे. ही काय, उर्वी. मूळ रुखवत हिचं. वर्षभर एकेक सुपारी रंगवून केलंन हिनं, आणि मी शहाणी, मांडवात म्हटलं, तयार मिळतं. चूक केली मी. काय हात आहे तो बघितलात ना?”

स्वरूपच्या आईनं तुळस बघितली, मग उर्वीच्या बोटांकडे बघितलं. ती बोटं तिनं महिनाभर फोटोत पाहिली होती. ओळखली असावीत. पण मागे आठ नातेवाईक उभे होते, आणि त्या फोटोंचं कौतुक सगळीकडे करणारी ती स्वतःच होती. तिनं तुळस जागेवर ठेवली. “तरीच,” ती म्हणाली, “इतकं सुबक.” मग तिनं सानवीच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्या जेवायला गेल्या. एका दमात तीन थापा आणि एक खरं बोलून कुसुमबाईही पंगतीला बसल्या. उर्वी मात्र खोक्यांच्या मागे उभी राहून डोळे पुसत होती, आणि त्या थापांसाठी नाही.

सोमवारी सकाळी चहाबरोबर तिनं फोन उघडला. अकरा मेसेज होते. भाड्याची चौकशी एकाचीही नव्हती. ‘ताई, रुखवताचा क्लास कधीपासून?’ ‘ताई, तो एक मणी कुठल्या बाजूचा सोडायचा?’ दृष्टीची परंपरा एका दिवसात खेडपर्यंत पोचली होती.

आधी तिनं शीटमध्ये आठवा रकाना घातला: ‘वराकडचे कोण’. तो भरायचं काम अर्थातच कुसुमबाईंचं, कारण जिल्ह्यातली मावसभावंडं कुठल्याही यंत्रात मावत नाहीत. मग अकरा जणींना काय कळवावं या विचारात असताना तिला भिंतीवरचा नियम आठवला. ओळ आधी, होकार नंतर. निदान क्लाससाठी वेगळं पान तरी उघडावं म्हणून तिनं खाली बघितलं, तर ‘क्लास’ नावाचं पान आधीच उघडलेलं होतं. त्यात एकच ओळ भरलेली होती.

नाव: कुसुम. निरोप कुठून आला: समक्ष, सहा वर्षं उशिरा. स्थिती: चौकशी.

स्वयंपाकघरात कुसुमबाई पाठमोऱ्या, मन लावून, आधीच स्वच्छ असलेली ओट्याची फरशी पुसत होत्या. उर्वीनं ‘चौकशी’ खोडलं, ‘पक्की’ लिहिलं, आणि मगच तोंडानं म्हणाली, “हो आई, नक्की.”