सपाट दोन कप

धोंडिबा वस्तादाला मत्सर नावाची गोष्ट वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी झाली. त्याआधी कधी झालीच नव्हती, असं तो म्हणायचा. त्यावर तुळसा, त्याची बायको, भांडी जरा जोरात आपटायची.

डोंबिवलीच्या जुन्या गावठाणात, मारुतीच्या देवळामागे त्याची व्यायामशाळा होती. पत्र्याचं छप्पर, लाल मातीचा हौदा, दोन बार, आणि कोपऱ्यात धान्याच्या दुकानातून आणलेला लोखंडी वजनकाटा. तरुणपणी धोंडिबा मिठागरावर मापारी होता. ओलं मीठ, सुकं मीठ, दाबून भरलेलं, सैल भरलेलं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. टोपली तीच असली तरी वजन तेच असतं, असं मानणाऱ्या माणसाला तो बिनडोक समजायचा. मिठागरं बंद पडली, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि मापारी वस्ताद झाला.

सहदेव त्याचा पठ्ठ्या. बारा वर्षांचा असताना काटकुळा पोरगा आला होता, आता बाविशीत पासष्ट किलोच्या गटात जिल्ह्याचं बक्षीस मारेल असा तयार झाला होता. यंदा कल्याणला शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती आणि गटात पहिला येईल तो राज्याला जाणार होता. सहदेवच्या अंगातला प्रत्येक स्नायू आपण घडवलाय, असं धोंडिबाला वाटायचं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

मग पंढरी आला.

पंढरी स्टेशनजवळच्या नव्या जिमचा ट्रेनर. आरसे, एसी, मुंबईतून कसलासा कोर्स करून आलेला. बोलायला गोड आणि वर मेहनती, म्हणजे राग यायचं कारणही धड नाही. सहदेव आठवड्यातून तीन दिवस तिकडे जाऊ लागला. सकाळी मात्र वस्तादाकडे येतच होता. पण येऊन बोलायचा ते पंढरीसरांचं. पंढरीसर म्हणतात दुधाची साय काढा. पंढरीसर म्हणतात खायचं ते मोजून खा. रोज दोनशे कॅलरी जादा गेल्या तर दीड महिन्यात किलोभर अंगावर चढतं, असं पंढरीसरांनी गणित करून दाखवलं. धोंडिबा हे ऐकताना सहदेवच्या मांड्या चोळत असायचा आणि चोळता चोळता इतका जोर लावायचा की पोरगा ओरडायचा.

त्यात भर पडली ती पावडरची. सहदेवचा चुलतभाऊ नामा बोटीवर कामाला होता. अमेरिकेच्या बंदरातून त्याने प्रोटीनचा डबा घेतला, पण सामान जड होतं म्हणून डबा फेकून दिला आणि पावडर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून आणली. डब्यावरचा तक्ता गेला, आतलं मोजायचं माप, म्हणजे स्कूप, तेही गेलं. सहदेवची आई ठमाबाईने मग मापासाठी चहाचा स्टीलचा कप काढून ठेवला.

एका संध्याकाळी सहदेव कागदाची पुडी घेऊन धोंडिबाच्या दारात आला. आत ती पावडर होती, आईच्या कपाने सपाट एक कप. वस्तादांनीपण चव बघावी, असं त्याच्या मनात होतं. धोंडिबाने पुडी घेतली, पोरगा गेला. चव बिव त्याने काही बघितली नाही. बदाम मोजायचा छोटा तराजू काढला आणि पुडी तोलली, सवयच ती. पन्नासचं वजन, पाचाचं, वर एकाचं. छप्पन ग्रॅम.

दोन दिवसांनी रविवारी सहदेव एक छापील कागद नाचवत आला. पंढरीने त्याला सायबर कॅफेत नेलं होतं. कंपनीच्या पानावर तो तक्ता दिसत होता, पण कॅफेतल्या माणसाला तेवढाच भाग छापता येईना. शेवटी त्याने कीबोर्डावरचं एक बटण दाबून अख्ख्या पडद्याचाच फोटो घेतला, दुसरीकडे चिकटवला आणि काळापांढरा छापून दिला. वर पानाचं नाव, खाली घड्याळ, मध्ये चौकट. चौकटीत इंग्रजीत लिहिलेलं: एका वेळचं प्रमाण दोन स्कूप, कंसात ५६ ग्रॅम. कॅलरी २१०. फॅट ३ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ६, प्रोटीन ४०. खाली पंढरीने निळ्या पेनाने पडताळा घेतला होता: चाळीस गुणिले चार, सहा गुणिले चार, तीन गुणिले नऊ, बेरीज दोनशे अकरा, म्हणजे तक्ता बरोबर. एका स्कूपला १०५ कॅलरी, २० ग्रॅम प्रोटीन. मग ठसठशीत अक्षरात: रोज दोन स्कूप. बाकीच्या दिवसभराच्या जेवणात त्याने हे २१० धरून एकूण आकडा बसवला होता.

धोंडिबाला इंग्रजी अक्षरं कशीबशी लागायची, आकडे मात्र झटकन. त्याची नजर कंसातल्या छप्पनवर जाऊन बसली.

त्याने सहज विचारलं, स्कूप म्हणजे काय घेतोस. सहदेव म्हणाला, आईचा कप. सपाट दोन कप. आजपासून चालू करायचंय.

धोंडिबाला हिशोब करायला कागद लागला नाही. एका कपातच छप्पन ग्रॅम. म्हणजे पंढरीचे दोन स्कूप एका कपातच आटपतात. दोन कप म्हणजे एकशे बारा ग्रॅम, चारशेवीस कॅलरी, ऐंशी ग्रॅम प्रोटीन. रोज दोनशेदहा कॅलरी जादा, आणि स्पर्धेला बेचाळीस दिवस. शहाण्या पंढरीने सगळं मोजलं, पण माप कुठलं हे विचारलं नाही. मिठागरावर असला माणूस पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता.

त्याच्या छातीत आनंदाची एक उकळी आली. लाज वाटावी असा आनंद होता तो, आणि वाटलीसुद्धा, पण नंतर.

"वस्ताद, बरोबर हाय ना?" सहदेवने विचारलं. "तुम्ही एकदा बघा. तुम्ही हो बोललात की झालं."

"कागदावर लिहिलंय तसं घे," धोंडिबा म्हणाला.

खोटं काही बोललो नाही, असं त्याने रात्री तुळसाला सांगितलं. कागदावर दोन स्कूप आहे, कंसात छप्पन आहे. त्याप्रमाणे घे म्हटलं, चुकलं कुठे. तुळसाने पुडी तोलताना त्याला बघितलं होतं. ती म्हणाली, उद्या सकाळी पोराला सांगा. तो हो म्हणाला. सकाळी सहदेव आला आणि आल्या आल्या म्हणाला की पंढरीसर म्हणतात माझे खांदे अजून रुंद होतील. त्या खांद्यांसाठी दहा वर्षं कोण झिजलं, ते धोंडिबाने विचारलं नाही, आणि कपाचंही सांगितलं नाही.

दर रविवारी सहदेव लोखंडी काट्यावर चढायचा. सुरुवातीला चौसष्ट किलो दोनशे ग्रॅम होता. मग दर खेपेला दीडशे, दोनशे ग्रॅम वर. पंढरीला तो कळवायचा आणि पंढरी म्हणायचा, मसल आहे, चांगलंय. धोंडिबा काट्याचा दांडा सरळ करायचा आणि आकडा वाचून दाखवायचा. तेवढंच त्याचं काम, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. हे पोरगं पडलं की पंढरी पडेल, मग पोरगं परत आपल्याकडे येईल, इथपर्यंत त्याचा विचार जायचा. पोरगं पडेल म्हणजे काय, याच्याकडे तो बघायचा नाही.

पाचव्या रविवारी काटा पासष्टच्या रेघेला टेकला. ही रेघ ओलांडली की पोरगं गटाबाहेर. अजून चौदा दिवस होते, एक कप कमी केला असता तर निभावलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण सहदेव शर्ट घालता घालता म्हणाला की पंढरीसर कल्याणला येतायत, स्टेजच्या मागे तेल लावायलापण ते तयार आहेत.

तेल लावायचं काम वस्तादाचं. दहा वर्षं, गावच्या जत्रेपासून तालुक्यापर्यंत, सहदेवच्या पाठीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. धोंडिबाने उघडलेलं तोंड मिटलं आणि हौद्यातली माती उकरायला गेला. इतकी उकरली की संध्याकाळी कंबर धरली.

कल्याणच्या हॉलमध्ये सकाळी वजनं झाली. सहदेव चड्डीवर काट्यावर चढला. पासष्ट किलो चारशे. पंचांनी तासाभराची मुदत दिली. पंढरीने त्याला दोन शर्ट आणि वर जाडं जॅकेट चढवून जिन्याखाली दोरीवर उड्या मारायला लावल्या. घाम गळून लादी ओली झाली. तासाने पासष्ट दोनशे. त्याच्याहून खाली येईना. पंचांनी नाव खोडलं आणि सत्तरच्या गटात लिहिलं. त्या गटात सगळे एकोणसत्तर, सत्तरचे बैल उभे होते. त्यांच्यात सहदेव शाळकरी दिसत होता.

पंढरी जिन्यावर बसून तो छापील कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. बेरजा परत करत होता. त्याचा चेहरा उतरला होता, आणि ज्याची धोंडिबाने दीड महिना वाट बघितली तो हाच चेहरा. पण बघवेना.

"माझंच काहीतरी चुकलं," पंढरी म्हणाला.

"नाय सर, कागद चुकलेला नाय," सहदेव म्हणाला. "तो वस्तादांनी बघितलेला. ते बोलले, लिहिलंय तसं घे, म्हणून तर मी एक दिवस चुकवला नाय. त्यांनी नाय म्हटलं असतं तर मी पावडर घेतलीच नसती. माझंच अंग जड असेल."

पंढरीने मान हलवली. यांच्या शब्दावर माझी काही शंका नाही, अशी मान होती ती. मग तो कुणाची तरी गाठ घ्यायला निघून गेला.

सहदेवने पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि धोंडिबाच्या हातात दिली.

"पंढरी लावणार होता ना," धोंडिबा म्हणाला.

"ते तयार होते. मी कुठे हो बोललेलो? तेल तुम्हीच लावायचं, वस्ताद."

तो पाठ करून उभा राहिला. धोंडिबाने तळहातावर तेल घेतलं आणि मानेपासून खाली चोळू लागला. ही पाठ त्याला पाठ होती. खांद्याच्या फळ्या, मधली खोल रेघ, कमरेशी दोन्ही बाजूंना निघणाऱ्या दोऱ्या. कमरेवर आज दोऱ्या लागल्या नाहीत. तिथे मऊ होतं, अगदी पातळ, दुसऱ्याला कळलंही नसतं. पण मापाऱ्याच्या हाताला कळलं, आणि ते किती दिवसांचं, कुठल्या कपातलं आहे तेही कळलं. त्याचा हात तिथेच थांबला.

बाहेर सत्तरच्या गटाला बोलावत होते.

"सहदेव," तो म्हणाला. "आईच्या एका कपात छप्पन ग्रॅम बसतात. दोन स्कूप म्हणजे एकच कप. तू दुप्पट घेत होतास."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू कागद आणलास तेव्हाच."

त्याच्या हाताखाली पाठ कडक झाली. सहदेव वळला नाही. माईकवर त्याचं नाव पुकारलं, तसा तो धोंडिबाच्या हाताखालून सरकून पुढे गेला आणि पडद्याबाहेर दिव्यांत जाऊन उभा राहिला. कमरेचा डावा भाग अजून कोरडा होता. लोक टाळ्या वाजवत होते आणि धोंडिबा तेलाने माखलेले दोन्ही हात अंगापासून लांब धरून पडद्यामागे उभा होता.