सात लावलं

नाथाजीवर खटला भरला गेला तो एका शब्दापायी. रहिमतपूरच्या हॉटेलात पोलिसांनी धाड घातली, तेव्हा जमादारानं त्याला विचारलं, "काय लावलंस?" या शहाण्यानं छाती पुढं काढून सांगितलं, "सात लावलं!" मटक्यात सात म्हणजे आकडा. नाथाजीचे सात म्हणजे कबड्डीचे गडी. जमादारानं आकडा लिहून घेतला आणि हात झटकले.

हे पंच्याहत्तर सालचं. नाथाजी फौजेत निवडला गेला होता, फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा राहिला होता. त्याच्याबरोबर पकडलेल्यांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि ते घरी गेले.

त्याची आई चंद्राबाई मला म्हणाली, "आवं वकीलसायेब, आपुन बी दंड भरून टाकू की."

"दंड भरला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, बाई! मग कसली फौज?" मी जरा जोरातच बोललो. माझा आवाज तसाच आहे, त्याला इलाज नाही.

या पोरांचा खेळ मला मोठा गमतीचा वाटला. तालुक्याच्या स्पर्धेत आठ गावांचे संघ होते. हॉटेलात जमणाऱ्या पोरांनी प्रत्येकी रुपया घालायचा आणि स्पर्धेआधी आपल्या मनाचा संघ कागदावर लिहायचा. गडी सात, कुठल्याही गावचे, पण एका गावचे दोनच. आपल्या गड्यानं चढाईत कुणाला बाद केलं किंवा पकड केली, की आपल्याला गुण. स्पर्धा संपल्यावर ज्याचे गुण जास्त, त्याला बक्षीस. आणि त्याच हॉटेलात पलीकडच्या बाकावर केरबा नावाचा इसम कुठलं गाव जिंकणार यावर पैसे घेत बसलेला. पोलिसांनी दोघांना एकाच दावणीला बांधलं.

कोरेगावच्या कोर्टात जमादाराचा आकडा लगेच गळाला. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, आणि जप्त चिठ्ठीवर तर चक्क सात माणसांची नावं होती. पण सरकारी वकील हटेनात.

"मटका नसेल, सट्टा तर आहे. खेळणारे मैदानात, हे हॉटेलात. यांच्या हातात काय होतं?"

"केरबाचा सट्टा, मान्य," मी म्हणालो. "त्यानं एका निकालावर पैसे घेतले. माझ्या अशिलाचं गाव हरलं काय, जिंकलं काय, त्याला फरक नव्हता. गडी पारखणं हाच त्याचा खेळ. कौशल्याचा खेळ जुगाराच्या कायद्यातून वगळलेला आहे. त्यात नशीब अजिबात नको असं नाही, कौशल्याचं पारडं जड हवं, असं सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय."

न्यायाधीशांनी चिठ्ठी हातात घेतली. "नावाजलेले सात गडी कोणीही लिहील. यात पारख कुठली?" मग त्यांनी नाथाजीकडं पाहिलं. "तालुक्यातला सगळ्यात नावाजलेला गडी गुंडा. बाकीच्या जप्त चिठ्ठ्यांत सगळ्यांनी त्याला घेतलंय. तुझा तो सख्खा भाऊ, आणि तूच त्याला गाळलास. का?"

नाथाजीनं मागं बसलेल्या भावाकडं पाहिलं.

"सांग की," मी कुजबुजलो.

"असंच, सायेब."

मी कपाळाला हात लावला. असंच! सरकारी वकिलांना दुसरं काय हवं होतं? असंच म्हणजे नशीब, नशीब म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे फौज गेली.

मागच्या बाकावरून गुंडा उठला. "त्यो बोलणार न्हाई. मी बोलतो."

परवानगी घेऊन मी त्याला साक्षीदार म्हणून उभा केला. त्यानं शपथ घेतली, वाकून पायजमा वर केला. उजवा गुडघा सुजून तट्ट झालेला.

"स्पर्धेच्या आधी दोन म्हैन्यांपासनं हाय, सायेब. वळताना पाय दगा देतोय. कारखाना मला कबड्डीवर नोकरीत घेणार हाय, म्हनून कुनाला दावलं न्हाई. आईला बी न्हाई. ह्यानं वळखलं. मी डावीकडनंच चढाई करतोय, हे मैदानाच्या कडंनं बघून ह्येनं वळखलं."

चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. मला त्या पोरांचा अभिमान वाटला.

न्यायाधीशांनी निकाल दिला. आरोपीनं गड्यांचा अभ्यास करून, रक्ताचं नातंही बाजूला ठेवून निवड केली, यात कौशल्याचाच भाग मोठा, आरोपी निर्दोष.

बाहेर नाथाजी रडत होता. "दादा, का सांगितलंस रं? कारखान्यात कळंल की आता."

गुंडानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आरं, तुझी पारख खरी, असं सायेबांनी लिवून दिलं. म्हंजे माझा गुडगा गेला, हे बी लिवून दिलं. आता तू तरी फौजेत नीट पळ, गड्या."