नागपूरचं भांडण

श्रीरंग आणि हेमलता यांचं भांडण कुठूनही सुटो, ते नागपूरला जाऊन पोचायचं. त्या दिवशी सकाळी ते गीझरपासून सुटलं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये गीझर रात्रभर चालू राहिला होता आणि तो बंद करायचं श्रीरंग विसरला होता.

"विसरलो यार. बिल जास्त येईल, एवढंच ना?" तो म्हणाला.

"बिलाचं कोण बोलतंय? तुझं काय, तू करून मोकळा. निस्तरायचं मी. नागपूरलाही तेच केलंस."

झालं! श्रीरंगनं कपाळाला हात लावला. नागपूर म्हणजे त्याची सगळ्यात गाजलेली चूक. मुलगी अलकनंदा शाळेतही जात नव्हती तेव्हाची. त्यानं दिल्लीची बदली बायकोला न विचारता स्वीकारली आणि हेमलताला शाळेतली विज्ञान शिकवायची कायमची नोकरी सोडावी लागली. आता अलकनंदा पुण्याला कॉलेजात होती आणि फोनवर विचारायची, "बाबा, आज नागपूर झालं का?"

"किती वेळा सॉरी म्हणू गं? चुकलं माझं, पण तेव्हा दोन दिवसांत कळवायचं होतं. आणि इथे तुझ्या नोकरीसाठी मीच खेटे घातले ना? मिळाली ना नोकरी?"

"मिळाली," हेमलता म्हणाली आणि तिनं त्याच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. तिचा आवाज नेहमीसारखा खाली गेला होता.

हेमलता जुनी मढी उकरत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाद हरायला आली की ती हाताला लागेल ते फेकायची: त्याच्या भावाच्या लग्नातली साडी, चुकलेली गाडी, काहीही. पण ते ती तावातावानं काढायची आणि तासाभरात विसरायची. नागपूर काढताना मात्र आवाज खाली जायचा. इतकी वर्षं ऐकूनही हा फरक श्रीरंगच्या ध्यानात आला नव्हता. बायको वाईट खोडीची आहे, एवढं निदान करून तो मोकळा झाला होता.

आज मात्र नागपूरचं नाव त्याला जास्तच झोंबलं, कारण कालच जॉइंट सेक्रेटरी साहेबांनी त्याला बोलावून गुवाहाटीच्या पोस्टिंगचं विचारलं होतं. वरची जागा, दोन वर्षं. आणि श्रीरंग खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला होता, "बिल्कुल, सर!"

काल रात्री हेमलताला सांगायचं होतं, तर तिचं डोकं दुखत होतं. सकाळी सांगायचं, तर गीझर आडवा आला. माणसाला न सांगायला कारणं काय, ढीगभर सापडतात.

दुपारी कॅन्टीनमध्ये त्याचा दोस्त भालचंद्र भेटला. बातमी पोटात ठेवणं न जमल्यामुळे श्रीरंगनं ती काल त्याला मात्र सांगून टाकली होती.

"प्रभाला सांगितलं रे मी," भालचंद्र राजम्याचा घास घेत म्हणाला. "बायको जाम खूश झाली. आज आमच्याकडे हळदीकुंकू आहेच. म्हणाली, सगळ्यांसमोर वहिनींचं अभिनंदन करते."

श्रीरंगच्या हातातला चमचा थांबला. "हेमाला अजून माहीत नाही."

"काय बोलतोस!" भालचंद्र म्हणाला. "मग पळ."

तो पळाला. हाफ डे टाकला आणि मेट्रोत शिरला. हेमलता शाळेतून घरी येऊन संध्याकाळी आर. के. पुरमला भालचंद्रकडे निघणार होती. फोनवर सांगावं असं एकदा मनात आलं, पण अंगठा बटणावर जाईना. आता हिला काय निमित्तच मिळालं, आता जन्मभर नागपूरच्या जोडीला गुवाहाटी, असं तो मनात चरफडत होता.

उतरायचं आयएनए स्टेशन यायच्या आधी त्याला मध्येच कुडी आठवली. लग्नानंतर लवकरच हेमलताच्या आईची मोत्याची कुडी त्यानं प्रवासात हरवली होती. चूक नागपूरइतकीच मोठी होती. आईची आठवण म्हणून तिच्याकडे तेवढीच होती. पण ती गोष्ट हेमलता आज पाहुण्यांना हसत हसत सांगायची, हा सीटखाली कसा रांगत होता त्याची नक्कल करून. भांडणात तर ती कधीच आली नव्हती. मग कुडी मिटली आणि नागपूर का मिटलं नाही? कुडी हरवली तेव्हा तो स्वतः सासऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला होता. हेमलता रडत होती तोवर गप्प बसून राहिला होता. 'पण' म्हणाला नव्हता. आणि पुन्हा कधी तिची वस्तू त्यानं निष्काळजीपणानं हाताळली नव्हती.

नागपूरच्या वेळी तो इतका घाईत सॉरी म्हणाला होता की तिनं काही सांगायच्या आतच प्रकरण आटोपलं होतं. वर तिच्या वडिलांसमोर आणि आपल्या आईसमोर 'झालं गेलं विसरलीस ना?' असं तिला विचारलं होतं. तिनं मान हलवली. ती मान हलवणं श्रीरंगनं आजवर पावतीसारखं जपलं होतं. घोडं तिथेच पेंड खात होतं तर!

घरी हेमलता आरशासमोर काळ्या साडीच्या निऱ्या घालत होती.

"लवकर आलास?"

"गुवाहाटीचं पोस्टिंग विचारलं. मी काल हो म्हणालो. तुला न विचारता," तो दारातूनच म्हणाला. "आणि भालचंद्रला आधी सांगितलं. प्रभाला माहीत आहे."

हेमलताच्या हातातून निऱ्या सुटल्या. ती ओरडली असती तर बरं, असं श्रीरंगला वाटलं. ती पलंगावर बसली.

'पण' त्याच्या जिभेवर आला होता. तो त्यानं गिळला.

"नागपूरला तुझी नोकरी गेली," तो म्हणाला, "त्याची मी माफी मागत आलो. तेवढंच होतं का? मी कधी विचारलंच नाही."

तिचा आवाज तसाच खाली गेला.

"नोकरीचं मी केव्हाच सोडलं रे. इथली शाळा जास्त चांगली आहे. पण तेव्हा नागपूरला तुझ्या ऑफिसातल्या कुणाची तरी बायको आमच्या स्टाफरूममध्ये होती. तिनं पेढे वाटले. तुझी दिल्लीला बदली झाली म्हणून! मला वाटलं, कुणाचे तरी पेढे असतील. मी खाल्ला. मग सगळ्या म्हणाल्या, छुपी रुस्तम, सांगितलं नाहीस! आणि मला माहीत असल्यासारखी मी हसत उभी राहिले. दिवसभर. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून." तिनं डोळे पुसले. "तू मला विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते. हे तुला ठाऊकच नाही."

श्रीरंगला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो भलत्याच गोष्टीची माफी मागत होता, आणि जिची मागायला हवी होती ती गोष्ट कालच पुन्हा करून बसला होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

तो खाली जमिनीवर बसला. काही वेळानं त्यानं खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोरच साहेबांना लावला.

"सर, गुवाहाटी के बारे में... मैंने घर में पूछा नहीं था. मेरी हाँ को अभी हाँ मत मानिए." पलीकडून साहेब काहीतरी कोरडं बोलले. श्रीरंगचे कान लाल झाले. "जी सर. समझता हूँ सर. किसी और को दे देंगे तो भी ठीक है."

त्यानं फोन ठेवला. वरची जागा बहुधा गेली होती.

हेमलता उठली, पुन्हा निऱ्या घालू लागली. "जाते मी. प्रभा वाट बघत असेल."

"जाऊ नकोस. सगळ्यांसमोर ती..."

"जाणार. तिनं अभिनंदन केलं तर सांगेन, अजून आमचं ठरलं नाही. आज मला खोटं हसावं लागणार नाही." तिनं पदराला पिन लावली. "गुवाहाटीचं उद्या बोलू. साहेबांनी जागा ठेवली तर. कदाचित मला आवडेलही."

श्रीरंगच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. तो उठून तिच्या मागे दारापर्यंत गेला.

"मग हेमा, मिटलं ना आपलं नागपूर?"

चप्पल घालता घालता ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं.

"तेव्हाही तूच विचारलंस आणि तूच ठरवलंस," ती म्हणाली. "या वेळी मिटलं की मी सांगेन."

ती जिना उतरून गेली. श्रीरंग दारात उभा राहिला, आणि पुन्हा हाक मारून विचारायचा मोह त्यानं मोठ्या कष्टानं आवरला.