शिकाऊ माणसाची बॅट

टेबल टेनिसचा विषय निघाला की आमच्या थोरल्या दिरांच्या उत्साहाला ऊत येतो. कॉलेजातले सामने ते अजून जिंकत असतात. त्यामुळे आमच्या ह्यांच्यासाठी बॅट घ्यायची म्हटल्यावर मला कोण विचारतंय!

हे शिंपी. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो, बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलंय. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "हात उचलतोय आता. टेबल टेनिस खेळवून बघा. बॅट धरवली तर कात्रीही धरवेल." त्या एका वाक्यावर मी जगत होते.

दुकानात दीर सुटलेच. "कार्बन घातलेल्या बॅटचं नाव काढू नका. नवख्याला वेग नको, ताबा हवा. नुसत्या लाकडाची, पाच थरांची, वजनाला हलकी."

दुकानदारानं स्टिगा कंपनीची, अजून रबर न लावलेली ऑलराउंड बॅट काढली. मग रबरावर जुंपली. त्यानं चिकट चिनी रबर पुढे केलं, तर दीर म्हणाले, "त्याला जोर लावावा लागतो. ह्याच्यात जोर कुठाय?" शेवटी यासाका कंपनीचं मार्क फाइव्ह रबर ठरलं, एक बाजू लाल, एक काळी, खालचा स्पंज पातळ, दीड मिलिमीटरचा.

"आणि चेंडू? तीन स्टारचे देऊ?"

"ते सामन्याला. ह्याचे निम्मे टेबलाखाली जाणार. सरावाचा डबा द्या."

खोटं कशाला बोलू, दीर कुठेच चुकले नाहीत.

दुकानदारानं गोंद लावला, वाळू दिला, रबर दाबून बसवलं आणि जादा रबर कापायला लाकडाच्या कडेनं पातं फिरवलं. हे टक लावून बघत होते. एका जागी पातं जरा हललं, तर ह्यांनी "च्च" केलं. कापणाऱ्याची नजर! मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

मग बॅट ह्यांच्या हातात दिली. बोटं मिटलीच नाहीत. बॅट काउंटरवर आपटली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की लाकूड, रबर, स्पंज सगळं पाहिलं, पण बॅट ह्यांच्या हातात कुणी देऊनच पाहिली नव्हती.

"खाली पसरट मूठ आहे ना, म्हणून," दीर घाईनं म्हणाले. "सरळ मुठीची दाखवा." तीही पडली. दुकानदारानं मुठीला टेप गुंडाळून जाड केली. तीही निसटली. दुकानदार आता माझ्याकडे बघेना.

"धर रे," दीर म्हणाले. "लहानपणी पतंगाचा मांजा सोडायचा नाहीस तू. धर."

"दादा," हे म्हणाले. "पुरे."

दिरांनी ऐकलं नाही. त्यांनी ह्यांची बोटं एकेक करून मुठीभोवती वळवली, वरून स्वतःचा पंजा घट्ट आवळला आणि हात हवेत हलवला, पुढे, मागे, पुढे.

"बसली बघा बरोबर," ते दुकानदाराला म्हणाले. "हीच द्या."

दुकानदार बॅट घ्यायला पुढे झाला, पण दिरांना हात सोडवेना.