वरचे तीन फूट

आमच्या वर्कशॉपचं छप्पर सोळा फुटांवर आहे. वरची पाण्याची टाकी धुवायला मी वीस फुटांची शिडी आणली, तर सासऱ्यांनी ती दुकानात परत धाडली आणि सोळा फुटांची मागवली.

"भिंत सोळा, शिडी सोळा," ते म्हणाले. "उरलेली काय आभाळाला टेकवायची आहे?"

"मामंजी, तिचे पाय भिंतीपासून चार फूट लांब हवेत, उंचीच्या पाव. तसं ठेवलं तर तुमची शिडी अर्धा फूट तोकडी पडते. शिवाय छपरावर चढता-उतरताना धरायला ती तीन फूट वर निघालेली हवी."

"मग पाय जवळ घे. त्याला काय डोकं लागतं?"

पाय भिंतीला भिडवले. शिडी काठीसारखी ताठ उभी राहिली आणि टोक बरोबर छपराच्या कडेला लागलं. दोघा फिटरांनी ती दाबून धरली आणि मामंजी रुबाबात वर गेले.

उतरायची वेळ आली तेव्हा धरायला काहीच नव्हतं. एक पाय खाली सोडायचे, पुन्हा वर घ्यायचे. शेवटी छपरावरूनच हुकूम सुटला, "ती वीसवाली आणा. आणि चार फूट लांब ठेवा, नीट मोजून."

शिडी आली. वर निघालेले तीन फूट दोन्ही हातांनी कवटाळत मामंजी उतरले. जमिनीला पाय लागल्यावर त्यांनी कपडे झटकले आणि वर बघितलं.

"वरचा तुकडा नुसता फुकट उभा आहे," ते फिटरला म्हणाले. "करवत आण."