सातव्या परिच्छेदातलं केंद्र

सांगलीतल्या एका न्यूज पोर्टलवर सम्मेद बातम्या लिहायचा. संपादक चंदनबाला मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याला कागदावर उलटा पिरॅमिड काढून दाखवला होता. सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर: काय झालं, कुठं, कधी, वाचणाऱ्यानं काय करायचं. त्याखाली तपशील, आणि पार्श्वभूमी तळाला. "कुणी पहिली दोनच वाक्यं वाचून फोन खिशात टाकला, तरी त्याचं नुकसान होता कामा नये," त्या म्हणाल्या होत्या. सम्मेदला हे रुक्ष वाटायचं. आपल्या लेखणीला रंग आहे, असं त्याचे मित्र म्हणत.

शनिवारी संध्याकाळी विश्रामबागच्या एका कॉलेजात ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसऱ्या दिवशी तिथं आरोग्य भरतीची ऑनलाइन परीक्षा होती, सकाळी आणि दुपारी अशा दोन सत्रांत. अधिकाऱ्यांनी केंद्र हलवून इस्लामपूरजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नेलं आणि उमेदवारांना मेसेज पाठवले. मॅडम लग्नाला म्हसवडला गेल्या होत्या. सम्मेदनं एकट्यानं बातमी लिहिली आणि सातच्या सुमारास पोस्ट केली. सुरुवात होती, 'विश्रामबागेवर संध्याकाळ अलगद उतरत असतानाच आभाळात ठिणग्यांची फुलं उमलली...' मग प्रत्यक्षदर्शी, मग प्राचार्यांची प्रतिक्रिया. केंद्र बदलल्याचं वाक्य सातव्या परिच्छेदात होतं. लाइक बरेच आले. तो खूश झाला.

रविवारी सकाळी फोटो काढायला तो त्या कॉलेजवर गेला. आठ वाजून गेले होते. बंद फाटकापाशी दहा-बारा जण वॉचमनशी हुज्जत घालत होते. जरा बाजूला एक मुलगी हॉलतिकीट छातीशी धरून उभी होती आणि तिचे वडील येईल त्या रिक्षाला हात करत होते.

"कुठून आलात?" सम्मेदनं विचारलं.

"आटपाडीस्नं. पहाटंच्या गाडीनं," वडील म्हणाले. "तिकडं साडेआठला गेट बंद हुतंय म्हणं. इस्लामपूर किती लांब हाय वो?"

"तास तरी लागेल."

वडिलांनी हात खाली घेतला.

"तुम्हाला मेसेज आला नाही?"

"फॉर्मवर जुना नंबर हाय माझा," मुलगी म्हणाली. तिचं नाव संयोगिता. "पण बातमी वाचली हुती की मी. एस्टीत." तिनं फोन पुढं केला. "ह्ये बगा. ठिणग्या, फुलं. मला वाटलं, लाईट गेली आसंल, आली आसंल. फुडचं उघडलंच न्हाई."

पडद्यावर त्याच्या तीन ओळी होत्या आणि त्याखाली 'आणखी वाचा'. सम्मेदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गळ्यातलं ओळखपत्र त्यानं नकळत शर्टाच्या आत सारलं. ते करताना आपलाच हात त्याला दिसला, आणि त्याची त्याला आणखी लाज वाटली. त्यानं ते परत बाहेर काढलं.

"हे मी लिहिलंय," तो म्हणाला.

वडील म्हणाले, "आवं, मग सरळ सांगायचं की, केंद्र बदललंय म्हणून!"

दुपारच्या सत्राची मुलं अजून वाटेत असणार, हे सम्मेदच्या लक्षात आलं. तिथंच कट्ट्यावर बसून त्यानं लिहिलं, 'विश्रामबागचं परीक्षा केंद्र बदललं. दुपारच्या सत्राच्या उमेदवारांनी एक वाजण्याआधी इस्लामपूरजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजवर पोचावं. विश्रामबागला येऊ नये.' त्याखाली कॉलेजचा पत्ता, हेल्पलाइनचा नंबर. ट्रान्सफॉर्मर अगदी शेवटी, एका ओळीत.

पोस्ट करून त्यानं वर पाहिलं. संयोगितानं ती तिच्या फोनवर उघडली होती.

"आसं काल का न्हाई लिवलं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

दुपारी म्हसवडहून परतलेल्या चंदनबाला मॅडमनी ऑफिसात खुलासा लिहायला सांगितला. सम्मेदनं लिहिलं, 'शनिवारी सायंकाळी अचानक उद्भवलेल्या तांत्रिक परिस्थितीत, अपुऱ्या मनुष्यबळातही...'

मॅडमनी वाचलं आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. "आपली चूक कितव्या ओळीत कबूल केलीय?"

त्यानं मोजलं. नवव्या.

"वर आण."

साध्या दोन वाक्यांना त्याला अर्धा तास लागला. शेवटी सुरुवात अशी झाली, 'केंद्र बदलल्याची माहिती आमच्या बातमीत तळाला गेल्यानं आटपाडीच्या एका उमेदवाराची परीक्षा हुकली. चूक आमची आहे.' खाली त्यानं स्वतःचं नाव घातलं. मॅडमनी ते खोडलं नाही.

शिव्यांच्या कमेंट येत राहिल्या. त्यानं एकही उडवली नाही. परीक्षा मंडळाला मॅडमनी पत्र धाडलं. फेरपरीक्षा होणार नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. संयोगिताला ते कळवायला सम्मेदनं फोन लावला. पुढची भरती निघेपर्यंत आपलं वय उलटेल, एवढंच ती म्हणाली. मग तिनं फोन ठेवला.